आठ टक्के वाढ, पण कशावर? विभागाचं अंदाजपत्रक तपासताना विचारायचे प्रश्न

वित्त समितीच्या सदस्याच्या हाती एखाद्या विभागाचा प्रस्ताव पडला की नजर आधी उजवीकडच्या शेवटच्या रकान्याकडे जाते. वाढ किती टक्के? आठ. मग चर्चा त्या आठ टक्क्यांवरच रंगते. कुणी म्हणतं सहा करा, कुणी म्हणतं महागाई बघता आठ राहू द्या. शेवटी सात टक्क्यांवर तडजोड होते आणि पुढचा विषय येतो.

या सगळ्या चर्चेत एक रक्कम कुणी हातातही घेत नाही. आठ टक्के वाढ म्हणजे मागच्या मंजूर तरतुदीवर आठ टक्के. पण ती मागची तरतूद बरोबर होती का? ती त्याच्या आदल्या वर्षीच्या तरतुदीत सात टक्के मिळवून आली, आणि आदली त्याच्याही आदल्या वर्षीच्या. समिती दरवर्षी वरच्या आठ टक्क्यांवर वाद घालते आणि खालचे शंभर टक्के न बघता मंजूर करते. माझं म्हणणं असं की सदस्याने आपला बहुतेक वेळ या खालच्या शंभर टक्क्यांना द्यावा. त्यासाठी हिशेबतज्ज्ञ असण्याची गरज नाही. मोजके प्रश्न योग्य क्रमाने विचारले की पुरतं.

एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. समजा एका मोठ्या संस्थेचा देखभाल-दुरुस्ती विभाग आहे: इमारती, वीज, पाणी, लिफ्ट, साफसफाई. चालू वर्षाचे आठ महिने संपलेत आणि पुढच्या वर्षाचा प्रस्ताव आलाय. प्रस्तावात दोनच रकाने आहेत: चालू वर्षाची मंजूर तरतूद २०० लाख आणि पुढच्या वर्षाची मागणी २१६ लाख. खाली टीप: "महागाई व वेतनवाढ लक्षात घेता ८ टक्के वाढ प्रस्तावित."

पहिली मागणी: आणखी दोन रकाने

प्रश्न विचारण्याआधी विभागाकडून दोन रकाने मागून घ्यावेत. एक, मागच्या पूर्ण वर्षाचा प्रत्यक्ष खर्च. दोन, चालू वर्षात आजपर्यंत झालेला प्रत्यक्ष खर्च. ही मागणी बैठकीत तोंडी करू नये, बैठकीच्या आठ-दहा दिवस आधी लेखी पाठवावी. ऐनवेळी विचारलं तर विभागप्रमुखांना फक्त "बघून सांगतो" एवढंच म्हणता येतं, आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

आपल्या विभागाचा तक्ता असा आला, सगळे आकडे लाखांत:

| लेखाशीर्ष | मागच्या वर्षी प्रत्यक्ष | चालू वर्षी मंजूर | ८ महिन्यांत प्रत्यक्ष | पुढच्या वर्षीची मागणी |
|---|---|---|---|---|
| पगार व भत्ते | ९४ | १२० | ६६ | १२९ |
| कंत्राटी मजूर | ३१ | २० | २२ | २२ |
| साहित्य | २८ | ३० | १५ | ३२ |
| देखभाल करार | १८ | २० | ९ | २१ |
| यंत्रसामग्री | १४ | १० | १ | १२ |
| एकूण | १८५ | २०० | ११३ | २१६ |

आता त्याच मागणीकडे पुन्हा बघा. मंजूर २०० वरून २१६ ही वाढ ८ टक्के. पण मागच्या वर्षी खरोखर खर्च झालेल्या १८५ वरून २१६ म्हणजे जवळजवळ १७ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत, विभागाने कुठेही खोटं लिहिलेलं नाही. फक्त तुलना कशाशी करायची हे विभागाने निवडलं आणि समितीने ते मुकाट मान्य केलं. म्हणून पहिला प्रश्न हाच: ही वाढ कशाच्या तुलनेत मोजली आहे? मूळ मंजूर तरतूद, वर्षामध्ये बदललेला सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च या तीन वेगवेगळ्या रकमा असतात. प्रस्तावात "चालू वर्ष" एवढंच लिहिलेलं असेल तर त्यातली कुठली, हे विचारून घ्यावं.

आठ महिन्यांच्या रकान्याबाबत एक सावधगिरी. ११३ ला आठने भागून बाराने गुणलं की १६९.५ येतात, आणि उत्साही सदस्य लगेच म्हणतो, "तुमचा तर १७० चासुद्धा खर्च होत नाही!" हा हिशेब चुकीचा आहे. देखभाल करारांचे पैसे सहामाही हप्त्यांनी जातात. आत्तापर्यंत ९ लाखांचा एक हप्ता गेला, दुसरा ९ चा वर्ष संपण्याआधी जाणार, म्हणजे या शीर्षाचा वर्षाचा खर्च १८, साडेतेरा नव्हे. म्हणून प्रत्येक शीर्षाला हा खर्च दरमहा होतो, हप्त्यांनी होतो की एकरकमी? असं वेगळं विचारावं लागतं. पगार दरमहा सारखा जातो, तिथे सरळ गुणाकार चालतो: ६६ चे वर्षाला ९९. कंत्राटी मजुरीही बरीचशी दरमहा: २२ चे ३३. साहित्य याच गतीने गेलं तर सुमारे २३. करार १८. यंत्रसामग्रीसाठी मंजूर झालेले १० पूर्ण खर्च होतील असं धरू. बेरीज १८३. चालू वर्षाचा हा खरा अंदाज, आणि यापुढची सगळी चर्चा याच आकड्यावर व्हायला हवी.

पगाराच्या ओळीत काय दडलेलं असतं

बहुतेक विभागांत सगळ्यात मोठी रक्कम पगाराची असते आणि सगळ्यात कमी प्रश्न तिच्यावरच येतात. "पगार तर द्यावेच लागतात" असं म्हणून पान उलटलं जातं. माझ्या मते सदस्याला एकच ओळ तपासायला वेळ असेल तर ती हीच असावी.

आपल्या विभागात मंजूर पदं ३० आहेत. एका पदाचा सरासरी वार्षिक खर्च ४ लाख, म्हणून तरतूद १२०. हिशेब चोख दिसतो. पण आठ महिन्यांत खर्च ६६ झालाय, म्हणजे वर्षाला ९९. चार लाखांनी भागलं तर पगार घेणारी माणसं निघतात जेमतेम २५. पाच पदं रिकामी आहेत. मागच्या वर्षीचा ९४ चा आकडाही तेच सांगतो. ती पदं वर्षभराहून जास्त काळ रिकामी असावीत.

रिकामं पद असणं हा काही गुन्हा नाही. माणसं निवृत्त होतात, सोडून जातात, भरती रखडते. प्रश्न असा की त्या पदांचा पूर्ण बारा महिन्यांचा पगार दरवर्षी मंजूर होतो आणि तो कुणाला दिलाच जात नाही. मग ते पैसे जातात कुठे?

इथे मागच्या वर्षीची मंजूर तरतूद मागवली की चित्र उलगडतं. मागच्या वर्षी पगाराला ११५ मंजूर होते, खर्च झाले ९४. उरले २१. देखभाल करारांतही १ उरला. कंत्राटी मजुरीला १९ मंजूर होते, खर्च झाले ३१, म्हणजे १२ जास्त. यंत्रसामग्रीला ६ मंजूर होते, खर्च १४, म्हणजे ८ जास्त. साहित्याचे २८ मंजूर आणि २८ खर्च. एकूण मंजूर १८७ आणि खर्च १८५, जवळजवळ ९९ टक्के. वार्षिक अहवालात "तरतुदीचा ९९ टक्के विनियोग" असं एक वाक्य छापलं जातं आणि सगळे समाधानी होतात. आतल्या आत २० लाख रुपये एका शीर्षातून दुसऱ्यात सरकले, हे त्या टक्केवारीत दिसतच नाही.

म्हणून हा प्रश्न नेमका विचारावा: मागच्या वर्षी कुठल्या शीर्षातून कुठल्या शीर्षात किती रक्कम वळवली, केव्हा आणि कुणाच्या मंजुरीने? याला पुनर्विनियोजन म्हणतात, आणि बहुतेक संस्थांच्या नियमांत त्याची मुभा काही मर्यादेपर्यंत असते. ते होणं गैर नाही. पण तेच वळवणं दरवर्षी त्याच दिशेने होत असेल, तर मूळ अंदाजच चुकीचा आहे आणि तो चुकीचा ठेवणं सगळ्यांना सोयीचं झालंय, असा त्याचा अर्थ.

आणखी एक गोष्ट बघा. कंत्राटी मजुरीवर चालू वर्षी ३३ खर्च होतील असा अंदाज निघाला. विभागाने पुढच्या वर्षासाठी मागितलेत फक्त २२. हे कमी मागणं पाहून एखाद्या सदस्याला बरं वाटेल. प्रत्यक्षात विभागाला ठाऊक आहे की पगारातून उरणारे पैसे तिकडे वळवता येतील, म्हणून कंत्राटी मजुरीचा आकडा लहान ठेवला तरी चालतं. सदस्याने जास्त वाटणाऱ्या मागणीइतकंच कमी वाटणाऱ्या मागणीलाही "हे कसं भागणार?" असं विचारलं पाहिजे. फुगवलेली ओळ आणि दबलेली ओळ बहुधा जोडीने येतात.

आता पुढच्या वर्षाची पगाराची मागणी १२९. एका पदाचा खर्च ४.३ लाख धरून ३० पदं, बारा महिने. इथे विभागप्रमुखांशी होणारा संवाद साधारण असा चालतो:

"मॅडम, पाच रिकाम्या पदांची भरती कुठवर आली आहे?"

"प्रक्रिया सुरू आहे."

"म्हणजे जाहिरात निघाली का?"

"नाही, आधी पदं भरायची मान्यता यायची आहे. प्रस्ताव पाठवलाय."

"मान्यता आल्यापासून माणूस रुजू होईपर्यंत मागच्या वेळी किती महिने लागले होते?"

"सहा-सात महिने तरी लागतातच."

"प्रक्रिया सुरू आहे" या उत्तरावर थांबायचं नाही, एवढं इथे लक्षात ठेवावं. भरतीला टप्पे असतात: मान्यता, जाहिरात, छाननी, मुलाखती, नियुक्तीपत्र, रुजू होणं. आज कुठल्या टप्प्यावर आहोत आणि मागच्या वेळी तिथून पुढे किती महिने लागले? या एका प्रश्नाने बारा महिन्यांची मागणी किती महिन्यांची करायची ते ठरतं. आपल्या उदाहरणात मान्यता पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला आली असं धरलं, तर अर्धं वर्ष सरल्यावर माणसं येतील. म्हणजे २५ पदांचे १०७.५ आणि पाच पदांचे सहा महिन्यांचे १०.७५, मिळून सुमारे ११८. मागणीपेक्षा ११ कमी, आणि कुणाच्याही पगाराला हात न लावता.

याला जोडूनच पुढचा प्रश्न: पदं भरली की कंत्राटी मजूर किती कमी होतील, आणि कुठल्या महिन्यापासून? पाच रिकाम्या जागांवर पाच कंत्राटी माणसं असतील आणि प्रत्येकाचा वर्षाचा खर्च २.४ लाख असेल, तर वर्षाला १२ आणि अर्ध्या वर्षाला ६ लाख वाचतील. मग कंत्राटी मजुरीला ३३ ऐवजी २७ पुरतील. प्रामाणिक आकडा २७, म्हणजे विभागाने मागितलेल्या २२ पेक्षा ५ जास्त. ते समितीने द्यावेत. विभागाला खरा आकडा मांडूनही कापाकापी होत नाही असा अनुभव आला नाही, तर पुढच्या वर्षी तो खरा आकडा मांडणार नाही.

या पाच पदांची गोष्ट इथे संपत नाही. पुढच्या वर्षी ती अर्धंच वर्ष भरलेली असतील. त्याच्या पुढच्या वर्षी पूर्ण वर्षाचा पगार द्यावा लागेल: पगार १२९ आणि कंत्राटी मजुरी २१, मिळून १५०, जे पुढच्या वर्षी १४५ होते. म्हणजे एक रुपयाही महागाई न धरता, कुठलाही नवा निर्णय न घेता, आज दिलेल्या मंजुरीमुळे त्या वर्षावर ५ लाखांचा बोजा आधीच पडलेला असेल. वर्षाच्या मध्यावर सुरू होणाऱ्या प्रत्येक गोष्टीला, मग ती नवी पदं असोत, नवी शाखा असो वा नवी सेवा, पहिल्या पूर्ण वर्षात हिला किती लागतील? हे विचारून तो आकडा प्रस्तावाच्या कागदावर लिहून घ्यावा. दोन वर्षांनी "खर्च एवढा कसा वाढला" असं जेव्हा विचारलं जातं, तेव्हा पुष्कळदा उत्तर अशाच एखाद्या अर्ध्या वर्षाच्या मंजुरीत सापडतं.

शेवटचा महिना

साहित्याच्या ओळीकडे येऊ. मागच्या वर्षी २८ मंजूर, २८ खर्च. इतकं तंतोतंत जुळलेलं दिसलं की महिनावार खर्च मागवावा. समजा तो आला आणि दिसलं की २८ पैकी ११ लाख एकट्या शेवटच्या महिन्यात खर्च झाले. पहिल्या अकरा महिन्यांत सगळं मिळून १७. यंत्रसामग्रीच्या १४ पैकीही १२ त्याच महिन्यातले.

याची कारणं दोन असू शकतात, आणि सदस्याने दोन्हींना जागा ठेवावी. पहिलं कारण सरळ असतं: निविदा, दरपत्रकं, मंजुऱ्या यांत महिने गेले, माल उशिरा आला, बिल शेवटी निघालं. अशा वेळी खरेदीचा आदेश बऱ्याच आधीचा असतो. दुसरं कारण: पैसे उरले, परत जातील, म्हणून जे मिळेल ते घेऊन ठेवलं. तेव्हा आदेशही शेवटच्या महिन्यातलाच असतो. म्हणून प्रश्न खर्चाच्या तारखेचा नाही, खरेदी आदेशाच्या तारखेचा विचारावा. आणि पाठोपाठ: त्यातला किती माल आज भांडारात पडून आहे? भांडाराच्या नोंदवहीत आठ महिन्यांनंतरही वायरची बंडलं, नळाचे जोड, रंगाचे डबे जसेच्या तसे दिसत असतील, तर साहित्याची खरी गरज २८ ची नव्हती. चालू वर्षाच्या गतीने ती २३ आहे, दरवाढ धरून २४. मागणी आहे ३२ ची.

इथे समितीनेही स्वतःकडे बघायला हवं. न खर्चलेली रक्कम परत घेऊन पुढच्या वर्षीची तरतूद तेवढ्याने कापायची, असा रिवाज असेल तर विभाग शेवटच्या महिन्यात खर्च करणारच. काटकसर केल्याची शिक्षा मिळते हे एकदा कळलं की कुणीही काटकसर करत नाही. यावर एक मार्ग म्हणजे बचतीचा काही भाग त्याच विभागाला पुढच्या वर्षी ठरलेल्या कामासाठी वापरू देणं, संस्थेचे नियम परवानगी देत असतील तर. रिकाम्या पदांच्या पैशासाठी मला दुसरा मार्ग जास्त पटतो: ती रक्कम विभागाकडे न देता संस्थेच्या मध्यवर्ती राखीव तरतुदीत ठेवायची आणि माणूस रुजू झाला की त्या दिवसापासूनची सोडायची. भरती लवकर झाली तर पैशाअभावी अडत नाही, उशीर झाला तर ते दुसरीकडे वळत नाहीत.

यंत्र आणल्यावर पुढे काय

यंत्रसामग्रीसाठी मागणी १२ ची: फरशी घासणारी दोन स्वयंचलित यंत्रं. अशा खरेदीवर समितीत सहसा किमतीबद्दल बोललं जातं. दरपत्रकं तीन घेतली का, सगळ्यात कमी कुणाचं. ते बघायचंच, पण खरेदीचे नियम आणि लेखापरीक्षक ते बघतातच. सदस्याने विचारायचं ते असं: हमीचा काळ किती आणि तो संपल्यावर वार्षिक देखभाल करार केवढ्याचा? ब्रश, रबर, बॅटऱ्या किती दिवसांनी बदलाव्या लागतात? चालवणार कोण, त्याला शिकवणार कोण? हमीच्या वर्षात हा खर्च दिसतच नाही. तो दुसऱ्या वर्षी देखभाल करार आणि साहित्य या वेगळ्या दोन ओळींत येतो, आणि तेव्हा त्याचा या खरेदीशी संबंध कुणाच्या लक्षातही राहिलेला नसतो.

आणि एक प्रश्न जो फार क्वचित विचारला जातो: या यंत्रांमुळे कुठला जुना खर्च बंद होणार? प्रस्तावात लिहिलेलं असतं की यंत्रामुळे मनुष्यबळ वाचेल. वाचेल तर कुठल्या ओळीतून किती वजा केलं, ते दाखवा. वजा केलेलं नसेल तर बचत झाली नाही, फक्त सोय झाली. सोयीसाठीही यंत्र घेता येतं, पण मग ते तसं सांगून घ्यावं.

देखभाल करारांची ओळ लवकर उरकते. इथे अंदाज लागतच नाही, करारपत्रांवर रक्कम छापलेली असते. चालू करार १८ चे, त्यांत ५ टक्के दरवाढीचं कलम, म्हणजे १८.९. मागणी २१ ची का, एवढंच विचारायचं. उत्तरात एखादा नवीन करार निघाला तर तो दाखवावा, नाही तर १९.

याच ओघात मिळकतीच्या बाजूचा एक प्रश्न. विभागाचा काही खर्च एखाद्या मुदतीच्या अनुदानातून चालत असेल तर ते अनुदान कोणत्या महिन्यात संपतं, आणि त्यावर असलेली माणसं किंवा सेवा त्यानंतर कोण पोसणार? एकदाच येणाऱ्या पैशावर कायमचा खर्च उभा करणं हा संस्था अडचणीत येण्याचा फार जुना रस्ता आहे, आणि तो सुरू होताना नेहमी फुकट मिळाल्यासारखा वाटतो.

कापण्याआधी उलट बाजूचा प्रश्न

इथवर वाचून सदस्याच्या हातात कात्री आली असेल. ती चालवण्याआधी एक प्रश्न विभागाच्या बाजूने विचारणं भाग आहे: वर्ष संपताना किती बिलं द्यायची राहिली होती?

प्रत्यक्ष खर्चाचा आकडा बहुधा दिलेल्या पैशाचा असतो, झालेल्या कामाचा नव्हे. मागच्या वर्षी १८५ खर्च झाले खरे, पण त्या वर्षात पुरवलेल्या मालाची आणि केलेल्या कामाची ६ लाखांची बिलं पुढच्या वर्षात ढकलली असतील, तर त्या वर्षाचा खरा खर्च १९१ होता. उलट त्या १८५ मध्ये त्याच्या आदल्या वर्षीची थकलेली बिलं असतील तर तो कमी होता. थकीत देयकांची दोन्ही टोकांची यादी, वर्षाच्या सुरुवातीची आणि शेवटची, मागितल्याशिवाय प्रत्यक्ष खर्चावरून कापणी करू नये. पैसे नसल्यामुळे पुढे ढकललेली दुरुस्तीही याच प्रकारात मोडते. गच्चीची गळती तीन वर्षं ठिगळ लावून थांबवलेली असेल तर कमी खर्च ही काटकसर नव्हे, ते साचत चाललेलं देणं आहे. "पैसे नसल्याने यंदा कुठली कामं केली नाहीत?" असं विचारलं की विभागप्रमुख पहिल्यांदाच मोकळेपणाने बोलू लागतात.

आता आपल्या विभागाची बेरीज पुन्हा करू. थकीत बिलं फारशी नाहीत असं धरा. पगार ११८, कंत्राटी मजुरी २७, साहित्य २४, करार १९, यंत्रसामग्री १२. एकूण २००. मागणीपेक्षा १६ कमी आणि चालू वर्षाच्या मंजूर रकमेइतकीच. मंजूर रकमेशी तुलना केली तर वाढ शून्य. पण चालू वर्षात खरोखर होणाऱ्या १८३ च्या खर्चाशी तुलना केली तर विभागाला सुमारे ९ टक्के जास्त मिळतायत, त्यात पाच माणसांची भरतीही आहे आणि दोन यंत्रंही. "यंदा शून्य वाढ" हे वाक्य बाहेर गेलं तर विभागात नाराजी पसरेल, म्हणून समितीने आपल्या टिपणीत दोन्ही तुलना लिहाव्यात.

सगळं दरवर्षी असं मुळापासून का तपासू नये, असा प्रश्न इथे पडू शकतो. तो प्रयोग झालेला आहे. शून्याधारित अंदाजपत्रक या नावाची पद्धत १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत वापरली गेली. जिमी कार्टर यांनी जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर असताना ती तिथे आणली आणि राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९७७ मध्ये संघीय सरकारातही. प्रत्येक खर्च जणू पहिल्यांदाच मागतोय असा सिद्ध करायचा. त्यातून कागदांचे ढीग तयार झाले, आणि १९८१ मध्ये रेगन प्रशासनाने ती संघीय सरकारातून काढून टाकली. त्यातला विचार मात्र उपयोगी आहे, थोड्या प्रमाणात घेतला तर. दरवर्षी प्रत्येक विभागाची एकच ओळ निवडावी आणि ती पायापासून तपासावी: यंदा पगार, पुढच्या वर्षी साहित्य. पाच वर्षांत पूर्ण अंदाजपत्रक एकदा नजरेखालून जातं आणि विभागही त्याखाली दबत नाही.

त्याच पद्धतीतला आणखी एक प्रश्न घेण्यासारखा आहे. "तुम्हाला मागणीपेक्षा पाच टक्के कमी मिळाले तर आधी काय थांबवाल?" हा प्रश्न धमकी म्हणून विचारायचा नाही. उत्तरातून विभागाच्या लेखी कुठलं काम शेवटचं आहे ते कळतं. काही वेळा उत्तर येतं की "लिफ्टची देखभाल थांबवावी लागेल". सगळ्यात टोचणारी गोष्ट पुढे करायची, म्हणजे समिती माघार घेते, ही जुनी रीत आहे. तेव्हा शांतपणे म्हणावं की लिफ्टला हात लावायचा नाही, त्या खालचं सांगा. दुसरं किंवा तिसरं उत्तर बहुधा खरं असतं.

शेवटी कामकाजाची बाब. बैठकीत मिळालेली उत्तरं हवेत विरतात, म्हणून ठरावात ती आकड्यांनी आणि तारखांनी उतरली पाहिजेत. आपल्या उदाहरणात इतिवृत्तात असं लिहिलं जाईल: पाच पदांचे १०.७५ लाख राखीव तरतुदीत, रुजू दिनांकापासून सोडायचे. पदं भरल्यावर कंत्राटी मजुरी दरमहा १ लाखाने कमी करायची. पगारातून इतर शीर्षांत वळवण्याआधी समितीची मान्यता. साहित्याचा भांडार अहवाल सहामाहीला. आणि सहामाहीच्या बैठकीची तारीख त्याच ठरावात टाकून द्यावी, कारण भरती खरंच कुठवर आली हे त्या दिवशी विचारता येतं, वर्ष संपल्यावर नाही.